दोनशे तेरा टेस्ट वगळल्या

ऑफिसात तिला सगळे शंकाबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग एकदा कोणाच्या तरी तोंडून तिच्यासमोरच निसटलं, तिनं हसून घेतलं, आणि तेव्हापासून तिचं खरं नाव हजेरीच्या यादीपुरतं उरलं. वय चव्वेचाळीस, चष्मा कपाळावर, खांद्यावर अशी पिशवी की आत छत्रीपासून बँडेजपर्यंत सगळं सापडावं. घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा, खिडकीची कडी तीनदा बघायची, आणि तरी अर्ध्या जिन्यातून परत वर यायची. "हिला अमृत दिलं तरी आधी बाटलीवरची तारीख बघेल," असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. तीही हसायची. पण बाटली हातात आलीच, तर तिनं तारीख बघितली असती हे तिलाही ठाऊक होतं.

मुलगी चौदा वर्षांची. एवढी मोठी झाली तरी रोज झोपण्यापूर्वी ही तिच्या खोलीच्या दाराशी उभी राहायची, अंगावरचं पांघरूण वरखाली होतंय का ते बघायची.

"आई, मी जिवंत आहे. जा आता," मुलगी डोळे न उघडता म्हणायची.

"मी पंखा बघायला आलेय."

"पंखा पण जिवंत आहे."

असं हे काळजीचं खातं. पण देवानं दात दिले तर चणेही दिले होते. सतरा वर्षं ती टेस्टिंगचं काम करत होती, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये काय बिघडू शकेल याची काळजी करायचं काम. बाकीच्या बायकांना फुकट करावी लागते ती काळजी हिला पगारी होती.

कंपनी लहानशी, तिसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्यांचं दुकान. वीस-बावीस माणसं. बनवत काय, तर रुग्णालयांच्या औषधविभागासाठी सॉफ्टवेअर. डॉक्टरनं लिहिलेलं औषध त्यात नोंदवलं जाई, औषधविभाग ते तपासे, आणि वॉर्डातल्या नर्सला तिच्या स्क्रीनवर दिसे: कितवी खाट, कोणतं औषध, किती, किती वाजता. चौदा रुग्णालयं ते वापरत होती. शंकाबाईला त्यातल्या एकाच स्क्रीनची खरी धास्ती होती, नवजात बाळांच्या विभागाची. तिथले आकडे फार लहान असत. मोठ्या माणसाला पाच मिलिलिटर द्यायचं तर तिथे शून्य पूर्णांक शून्य पाच. जेमतेम एक थेंब. आकडा लहान म्हणून चूकही लहान, असं तिथे नसतं.

तीन वर्षांपूर्वी तिनं या आकड्यांपायीच ऑफिसात भांडण काढलं होतं. तेव्हा सगळ्या टेस्ट खोट्या डेटाबेसवर चालत. खोटा म्हणजे मेमरीत बसवलेलं एक सोंग. त्याला काही सांगा, ते मान डोलवायचं. काही ठेवायला द्या, होतं तसं परत करायचं. खरा डेटाबेस असा नसतो. त्याला त्याचे नियम असतात, तो कधी नकार देतो, कधी गुपचूप काटछाट करतो.

"पोहता येतं की नाही ते गादीवर हातपाय मारून कळत नाही," ती मीटिंगमध्ये म्हणाली होती. "पाण्यातच टाकावं लागतं."

सहा महिने तिनं हे टुमणं लावलं, तेव्हा कुठे पाणी मिळालं. व्यवस्था अशी बसली: कोणीही कोडमध्ये काही बदललं आणि ते वर पाठवलं की दूर कुठेतरी एक कोरं मशीन जागं व्हायचं. त्या मशीनवर, एका बंद डब्यासारख्या कंटेनरमध्ये, रुग्णालयात असतो तोच, त्याच आवृत्तीचा खराखुरा डेटाबेस उभा राहायचा. अगदी रिकामा, नुकताच जन्मलेला. मशीन दर काही सेकंदांनी त्याला विचारायचं, तयार आहेस का? तो हो म्हणेपर्यंत टेस्ट थांबायच्या. मग टेस्टच त्यात सगळी टेबलं पहिल्यापासून उभारायच्या, औषधं लिहायच्या, वाचून बघायच्या, ताडायच्या. सगळं जुळलं तर हिरवी टिक, नाही तर लाल फुली. शेवटी डेटाबेस, डबा, मशीन सगळं पुसून टाकलं जाई. पुढच्या बदलाला पुन्हा नवं मशीन, पुन्हा नवा डेटाबेस.

याला अकरा मिनिटं लागत. ऑफिसला ती जड वाटत. शंकाबाईला मात्र बरोबर वाटत. ती बदल पाठवायची, कप उचलायची, तीन मजले उतरून कोपऱ्यावरून चहा घ्यायची आणि गुडघ्यांना शिव्या देत वर यायची. खुर्चीत बसताना टिक आलेली असायची.

मग मुलीला कावीळ झाली. बारा दिवस शंकाबाई ऑफिसला आली नाही. मुलीच्या डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो आहे की नाही हे ती खिडकीपाशी, दिव्याखाली, मोबाईलच्या उजेडात बघत राहिली. तेराव्या दिवशी, एका गुरुवारी, डॉक्टरांनी मुलीला शाळेत पाठवा म्हणून सांगितलं आणि ही ऑफिसला आली.

आल्या आल्या एका सूचनेतला चुकलेला शब्द दुरुस्त केला, बदल वर पाठवला, कप घेतला, जिना उतरू लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर फोन थरथरला.

हिरवी टिक. दोन मिनिटं, दहा सेकंद.

ती कप धरून तिथेच उभी राहिली. खालून चष्म्याच्या दुकानातलं घासायचं यंत्र घरघरत होतं. आनंद व्हायला हवा होता. पण मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली की ती पाल बाईच्या मनातून हलायची नाही. चहा न आणताच ती परत वर चढली.

ऑफिसातल्या या यंत्रणा सांभाळणारा एक तरुण होता, मशीनं, रांगा, कंटेनर सगळं तो बघायचा. त्याला सगळे नळवाला म्हणत, कारण इकडचं तिकडे वाहतं ठेवणं हेच त्याचं काम. तो हिला बघून उजळला.

"ताई, बघितलंत? अकराची दोन केली! तुम्ही नव्हता ना, म्हटलं ताईंना सरप्राईज देऊ."

"कशी केलीस?"

"दर वेळी कोऱ्या मशीनवर सगळी साधनं पहिल्यापासून बसवायला लागायची. मी काय केलं, साधनं आधीच भरून ठेवलेला एक कंटेनर बनवला. आता टेस्ट त्या कंटेनरच्या आत चालतात. बसवाबसवी बंद."

"बसवाबसवीला किती वेळ जायचा?"

"चार मिनिटं. फार तर पाच."

"अकरातून पाच गेले सहा. दोन कसे उरले?"

नळवाला हसला. "ताई, मिळालं तर घ्या ना! फुकटच्या गाईचे दात कशाला मोजता?"

"कारण दूध मी पाजणारेय," ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

तिनं त्या दोन मिनिटांचा लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीननं काय केलं त्याची ओळीनं ओळ नोंद. हिरवी टिक आली की कोणी तो उघडत नाही, जसं पास झालेल्या मुलाची उत्तरपत्रिका कोणी मागवत नाही. मशीन जागं झालं, ठीक. डेटाबेसचा कंटेनर उभा राहिला, ठीक. तयार आहेस का? नाही. तयार आहेस का? हो. ठीक. टेस्ट सुरू. आणि अगदी तळाशी एक ओळ:

पास सहाशे अठ्ठ्याऐंशी. अपयशी शून्य. वगळल्या दोनशे तेरा.

दोनशे तेरा. हा आकडा तिला घराच्या क्रमांकासारखा पाठ होता. खऱ्या डेटाबेसशी बोलणाऱ्या टेस्ट बरोबर तेवढ्याच होत्या. बाकीच्या अजूनही मेमरीतल्या सोंगावरच चालत.

मग तिनं डेटाबेसचा स्वतःचा लॉग उघडला. तोही मशीन जाता जाता छापून जातं. त्यात सुरुवातीला लिहिलं होतं की मी तयार आहे, कोणीही यावं. शेवटी लिहिलं होतं की बंद होत आहे. मधे काही नव्हतं. एक टेबल उभारलेलं नाही, एक ओळ लिहिलेली नाही, एक प्रश्न विचारलेला नाही. दिवा लावून, दार उघडं ठेवून तो दोन मिनिटं बसून राहिला होता आणि मग त्याला पुसून टाकलं होतं. तिनं कालचा लॉग बघितला. तसाच. परवाचा. तसाच. ती मागे मागे जात राहिली. बारा दिवस दररोज दोन-तीन वेळा तो असाच जागा झाला होता, वाट बघून मेला होता.

"इकडे ये," ती नळवाल्याला म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी शेजारच्या दोघांनी माना वळवल्या.

नळवाल्यानं वाचलं. त्याच्या तोंडावरचं हसू आधी अर्धं झालं, मग गेलं.

"पत्ता," तो पुटपुटला. "ताई, पत्ता चुकला."

टेस्टना डेटाबेसचा पत्ता 'लोकलहोस्ट' असा दिलेला होता. त्याचा अर्थ एवढाच की मी आहे तेच घर. पूर्वी टेस्ट थेट मशीनवर चालत आणि डेटाबेसच्या डब्याचं एक दार त्या मशीनवरच उघडत असे, त्यामुळे 'हेच घर' हा पत्ता बरोबर होता. आता टेस्ट स्वतःच एका डब्यात राहायला गेल्या होत्या. तिथून 'हेच घर' म्हटलं की त्यांचा स्वतःचा डबा, आणि त्यात डेटाबेस नव्हता. तो शेजारच्या डब्यात होता, एकाच जाळ्यावर. त्याला त्याच्या नावानं हाक मारायला हवी होती. टेस्ट दोनशे तेरा वेळा स्वतःच्याच घराचं दार ठोठावून परत फिरल्या होत्या.

"माझंच चुकलं," नळवाला म्हणाला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. "पण ताई, दार उघडलं नाही तर टेस्ट पडायला हव्या होत्या ना? लाल व्हायला हवं होतं. वगळल्या कशा?"

शंकाबाईला उत्तर फाईल उघडण्याआधी कळलं. तरी तिनं ती उघडली. टेस्टच्या सुरुवातीला चार ओळी होत्या: डेटाबेसशी जोडणी करून बघ, झाली नाही, तर डेटाबेस लागणाऱ्या टेस्ट वगळ आणि पुढे जा. शेजारी टीप होती, 'ज्यांच्या लॅपटॉपवर डेटाबेस नाही त्यांचं काम अडू नये.' आणि त्या ओळी कोणी लिहिल्या तेही कोडच्या नोंदींत दिसतंच. तीन वर्षांपूर्वीची तारीख. तिचं नाव.

तिला तो दिवसही आठवला. दोन मुली नव्यानं लागल्या होत्या, जुने रडके लॅपटॉप त्यांच्या वाट्याला आले होते, डेटाबेस बसवता बसवेना आणि त्याशिवाय एकही टेस्ट पुढे सरकेना. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हिला दया आली. चार ओळी, पाच मिनिटांचं काम. लॅपटॉपवर वगळलं तर काय बिघडतं, शेवटी वर मशीनवर खरा डेटाबेस आहेच की!

नळवाल्यानं ते नाव वाचलं. 

"पत्ता बदल," ती म्हणाली. "डेटाबेसचं नाव घाल. मी हे बदलते." तिनं चार ओळींत पाचवी घातली: वरच्या मशीनवर असशील आणि डेटाबेस भेटला नाही, तर वगळू नकोस, पड. मोठ्यानं पड.

बदल वर गेला. ती चहाला उठली नाही. दोघं एका स्क्रीनपुढे बसले. बारा दिवसांत एकतीस बदल पाण्यात न उतरता पास झाले होते, आणि आज दुपारी चार वाजता नवी आवृत्ती रुग्णालयांत जाणार होती. घड्याळात पावणेबारा वाजत होते.

"निघणार काही नाही ताई," नळवाला म्हणाला. "टीम आपली चांगली आहे."

सातव्या मिनिटाला लाल फुली आली. नऊ टेस्ट पडल्या होत्या, नऊही एकाच टेबलाच्या. तिनं पहिली उघडली.

अपेक्षित ०.०५. मिळालं ०.१.

दुसरी उघडली. अपेक्षित ०.०४. मिळालं ०.०.

तिनं त्या टेबलात काय बदललं ते शोधलं. आठ दिवसांपूर्वी टेबलाची रचना बदलणारी एक छोटी फाईल आत गेली होती. औषधाच्या मात्रेचा रकाना आधी दशांश चिन्हानंतर तीन घरं ठेवायचा. आता एकच ठेवणार होता. डेटाबेसला असं सांगितलं की तो तक्रार करत नाही. शून्य पूर्णांक शून्य पाच आलं की ते एका घरात बसवतो, शून्य पूर्णांक एक करतो. दुप्पट. शून्य पूर्णांक शून्य चार आलं की शून्य करतो. आणि नव्या नोंदीच नाहीत, रकान्यात आधीपासून असलेले आकडेही तो त्याच क्षणी तसेच घासून ठेवतो. गेलेली घरं पुन्हा त्यातून मिळत नाहीत.

मेमरीतल्या त्या सोंगाला मात्र रकान्याची रुंदी कळतच नव्हती. त्यानं शून्य शून्य पाच घेतलं, शून्य शून्य पाच परत दिलं. सहाशे अठ्ठ्याऐंशी टेस्ट खूश.

ही फाईल टीमच्या प्रमुखाची होती. त्याला कॅप्टन म्हणत, कारण प्रत्येक मीटिंगमध्ये त्याचं जहाज कुठून तरी निघून कुठे तरी पोचत असे. माणूस वाईट नव्हता. शंकाबाई त्याच्या टेबलाशी गेली तेव्हा तो चारच्या रिलीजची यादी करत होता.

"चारचं थांबवा."

"बाई, आल्या दिवशीच मागे लागलात की नाही!" तो हसला. "मुलगी कशी आहे?"

"बरी आहे. चारचं थांबवा. नऊ टेस्ट लाल आहेत."

"सकाळी तर हिरवं होतं."

"सकाळी टेस्ट झाल्याच नव्हत्या."

तिनं सांगितलं. तो ऐकता ऐकता मागे रेलला. "म्हणजे टेस्टच्या मशीनचा घोळ आहे. कोडचा नाही."

"कोडचाच आहे. मशीनच्या घोळानं तो बारा दिवस झाकला."

"अहो, तो रकाना मी मुद्दाम बदललाय. मोठ्या रुग्णालयाची तक्रार होती. पडद्यावर पाच पूर्णांक शून्य शून्य शून्य दिसतं, नर्स पाच हजार वाचते. ती शून्यं उडवायला सांगितली होती त्यांनी. सुरक्षेसाठीच केलं मी!"

"पडद्यावरची उडवायची होती. तुम्ही डेटाबेसातली उडवलीत."

"बाई, एक घर पुरतं. कोणाला लागतात तीन घरं?"

"ज्याचं वजन दीड किलो आहे त्याला."

कॅप्टननं तिच्याकडे बघितलं. मग तिनं पुढे केलेल्या फोनवरच्या दोन ओळी बघितल्या. ०.०५, ०.१. ०.०४, ०.०. त्याच्या हातातलं पेन यादीवर तसंच टेकून राहिलं आणि कागदावर निळा ठिपका पसरत गेला.

"थांबवतो," तो म्हणाला. "तेराही थांबवतो."

"तेरा?" शंकाबाई म्हणाली. "रुग्णालयं चौदा आहेत."

त्यानं पेनाला टोपण लावलं.

"कॅप्टन, चौदावं?"

"पहिल्या रुग्णालयात आपण नेहमी एक दिवस आधी देतो ना," तो अगदी हळू म्हणाला. "काल संध्याकाळी सात वाजता गेलं."

सोळा तास होऊन गेले होते. त्या रुग्णालयात नवजात विभाग होता.

तिथल्या औषधविभागाच्या प्रमुख बाई शंकाबाईच्या फोनवरच्या ओळखीच्या. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, पण आठ वर्षं आकड्यांवरून वाद घालत होत्या, त्यामुळे बहिणींइतकी ओळख होती.

"बोला मॅडम, कुठे गायब होतात?"

"नवजात विभागाची स्क्रीन उघडा. आत्ता. मात्रा वाचून दाखवा."

"काय झालं?"

"आधी वाचा."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला. "खाट एक, शून्य पूर्णांक तीन. खाट दोन, शून्य. खाट चार, शून्य पूर्णांक एक." ती थांबली. "खाट दोनचं सकाळपासून शून्य आहे. सिस्टरना वाटलं डॉक्टरांनी बंद केलं. त्यांनी दिलं नाही."

"आणि चार? चारला कागदावर किती आहे?"

कागद शोधायला तिला फार तर अर्धं मिनिट लागलं असेल. शंकाबाईनं तेवढ्या वेळात टेबलाच्या कडेचं सोललेलं रेक्झिन नखानं बोटभर काढलं.

"शून्य पूर्णांक शून्य पाच," पलीकडून आवाज आला. तो आता वेगळा होता. "हृदयाचं औषध आहे मॅडम. सहा वाजताचा डोस गेलाय."

"पडद्यावरून काहीही देऊ नका. सगळं कागदावर. आकड्यांची जबाबदारी आमची, बाळाकडे तुम्ही बघा."

फोन आपटल्यासारखा बंद झाला.

मग दुपार गेली ती कशी गेली हे तिला नंतर सलग आठवेना. रिलीजच्या आधी घेतलेली डेटाबेसची प्रत होती, ती परत चढवायची होती. पण तिच्यात रात्रभरातल्या नोंदी नव्हत्या. त्या एकेक कागदावरून भरायच्या. नळवाला प्रत चढवत होता, शंकाबाई फोनवर ओळी वाचून घेत होती, कॅप्टन ताडत होता. तिघांपैकी कोणीही जेवलं नाही. खाट दोन, नऊ वाजता, द्यायचं राहिलं. खाट चार, सहा वाजता, दुप्पट. प्रत्येक आकडा दोनदा म्हणायचा, दशांशानंतरची घरं सुटी सुटी म्हणायची. शून्य. पूर्णांक. शून्य. पाच. मधेच कॅप्टनचा आवाज बसला, तरी तो म्हणत राहिला.

साडेचारला सगळं जुळलं. चौदाव्या रुग्णालयात जुनी आवृत्ती पुन्हा चालू झाली. पण बाळाची काही बातमी नव्हती. हृदयाचे ठोके मंदावलेत, डॉक्टर बसून आहेत, औषधाचा जोर उतरायला वेळ लागेल, एवढंच त्या बाईंनी दोन ओळींत कळवलं होतं.

कॅप्टननं घटनेचा अहवाल लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यापाशी त्याचा हात अडला. "टेस्टच्या कंटेनरचा बदल लिहू? सुरुवात तिथून झाली."

नळवाला मान खाली घालून बसला होता.

"माझ्या चार ओळी लिहा," शंकाबाई म्हणाली. "पत्ता कोणाचाही चुकतो. चुकला तर आरडाओरडा व्हायला हवा होता, त्याचं तोंड मी बांधून ठेवलं होतं."

"आणि रकाना माझा," कॅप्टन म्हणाला. कोणी कोणाची समजूत घातली नाही.

ती घरी पोचली तेव्हा नवरा भांडी लावत होता. मुलगी सोफ्यावर पुस्तक घेऊन लोळत होती.

"आई, तुझा चेहरा असा का? मी आज पूर्ण दिवस शाळा केली, विचार ना."

"केलीस? थकलीस का?"

"थोडी."

शंकाबाईनं तिच्या डोळ्यांकडे बघितलं. पांढरे होते. उजेडात धरून बघावंसं वाटलं, पण आज स्वतःच्या डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. तपासणारी आपणच, आणि तपासलं असं समजून बारा दिवस, नव्हे तीन वर्षं निर्धास्त राहणारीही आपणच. घरात असं आणखी काय काय हिरवं दिसत असेल? डॉक्टर म्हणाले शाळेत पाठवा. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला होता की नुसती खालची सही बघितली होती?

"काय झालंय?" नवऱ्यानं हात पुसत विचारलं. आज त्याला विनोद सुचला नाही.

ती सांगणार तेवढ्यात फोन वाजला. रुग्णालयाचा नंबर. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"मॅडम, ठोके सावरलेत," त्या बाई म्हणाल्या. आवाज पार दमलेला होता. "डॉक्टर म्हणतात धोका टळला असं म्हणायला हरकत नाही. रात्रभर बघणार आहेत. दुसरं बाळही ठीक आहे."

शंकाबाई भिंतीला टेकली.

"त्याची आई बाहेर बाकावर बसलीय," त्या बाई पुढे म्हणाल्या. "तिला आम्ही सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिनं एकच विचारलं, आता पडद्यावर दिसतं ते खरं आहे का. मी म्हटलं विचारून सांगते. म्हणून फोन केला. आहे ना खरं?"

प्रत परत चढवली होती. ओळी ताडल्या होत्या. दोनशे तेरा टेस्ट संध्याकाळी सव्वापाच वाजता खऱ्या डेटाबेसवर धावल्या होत्या, एकही वगळली नव्हती, नवा डेटाबेस टेबलांनी भरला होता आणि मगच पुसला गेला होता. हे सगळं तिनं स्वतः लॉग उघडून, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचलं होतं. हो म्हणायला काहीच अडचण नव्हती.

"मॅडम?"

"कागदाशी ताडून बघत जा," शंकाबाई म्हणाली. "प्रत्येक ओळ. निदान काही दिवस."

"काही दिवस म्हणजे किती?"

पलीकडे कुठेतरी यंत्राचा एकसारखा टिकटिकता आवाज येत होता, आणि दोघी तो ऐकत राहिल्या.

"बरं," त्या बाई शेवटी म्हणाल्या. "बाळाच्या आईला मी असंच सांगते." आणि त्यांनी फोन ठेवला.